चॉकलेट ड्रिप कधी बोर्डापर्यंत धावते, कधी वरच गोळा होऊन बसते, नेमकं चुकतं कुठे?

ताई, डार्क चॉकलेट आणि क्रीम दोन्ही वेळा १०० ग्रॅम आणि १०० ग्रॅमच घेतलं होतं. पहिल्यांदा ड्रिप सरळ खाली बोर्डावर जाऊन साचली आणि दुसऱ्यांदा काठावरच जाड थेंब होऊन अडकली, खाली उतरलीच नाही. गनाश किती गरम पाहिजे आणि किती घट्ट पाहिजे ते नीट सांगाल का?

माप दोन्ही वेळा तेच होतं ना, मग मापात काही बिघडलं नाही. बटरक्रीमच्या केकसाठी डार्क चॉकलेट आणि क्रीम वजनाने सारखं घेणं बरोबरच आहे. बदललं ते तापमान, आणि ते सुद्धा एकट्या गनाशचं नाही तर केकचं पण. पहिल्यांदा बहुतेक गनाश गरम होतं आणि केक बाहेरच ठेवलेला होता, दुसऱ्यांदा घाबरून गनाश जास्त वेळ थंड होऊ दिलं असणार. सगळेच असं करतात, मी पण सुरुवातीची दोन वर्षं हेच करत होते, एकदा वाहिली की पुढच्या वेळी घट्ट, घट्ट झाली की पुढच्या वेळी गरम, आणि मधला मुक्काम काही सापडायचा नाही.

आधी एक आकडा सांगते. डार्क गनाश ओतताना ३२ ते ३४ अंश सेल्सिअस पाहिजे आणि केक फ्रीजमधून नुकताच काढलेला, बाहेरचं बटरक्रीम बोटाने हलकं दाबलं तर खड्डा पडणार नाही इतका कडक. हे दोन्ही एकत्र जमलं तरच ड्रिप अर्ध्यावर येऊन थांबते. एकच जमलं तर नाही थांबत.

का, ते एकदा डोक्यात बसलं की आकडे लक्षात ठेवायची पण फारशी गरज राहत नाही. ड्रिप गुरुत्वाकर्षणाने खाली जाते हे तर झालंच, पण ती थांबते कशाने? थंड बटरक्रीमने. गनाशची पातळ धार थंड भिंतीला चिकटून खाली सरकते तेव्हा भिंत तिच्यातली उष्णता ओढून घेत असते, आणि गनाश जसजसं गार होतं तसतसं त्यातलं कोको बटर आखडायला लागतं, धार जड होते, हळू होते आणि शेवटी टोकाला एक छोटा गोल थेंब धरून थांबते. कोको बटर साधारण ३४ अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं, म्हणून आपण त्याच्या अगदी जवळ उभं राहून ओततो, जेणेकरून थोडी जरी थंडी लागली की ते आखडायला सुरुवात होईल. आता गनाश ४० अंशांचं असेल तर त्याला गार व्हायला जास्त वेळ लागतो आणि तोपर्यंत ते खाली पोचलेलं असतं. वर आणखी एक नुकसान म्हणजे इतक्या गरम धारेने बटरक्रीम वितळतं, लोणीच ते, मग ड्रिपच्या कडेला तेलकट पिवळट रेघ दिसते आणि ड्रिप इतकी पातळ असते की आतून क्रीमचा रंग दिसतो. तुमच्या पहिल्या केकवर ड्रिप आरपार दिसत होती का बघा आठवून, तसं असेल तर गनाश गरमच होतं, खात्री.

उलट २८ च्या खाली गेलं की गनाश बाटलीतून निघतानाच जाड असतं, काठावर पडतं आणि तिथेच फुगीर थेंब धरतं. मग आपण आणखी दाबतो, त्याच्यावर आणखी एक थेंब बसतो, आणि शेवटी वजनाने सगळा गठ्ठा एकदम खाली घसरतो. पृष्ठभाग पण गुळगुळीत न राहता सुरकुतल्यासारखा आणि निस्तेज दिसतो. तुमचं दुसऱ्या वेळचं वर्णन अगदी हेच आहे.

थर्मामीटर असेल तर उत्तमच, पण मोजायच्या आधी गनाश ढवळा, ही गोष्ट फार जण विसरतात. बाउलच्या कडेचं गनाश लवकर गार होतं आणि मधलं गरम राहतं, त्यामुळे मध्ये टोचलं तर ३६ दाखवेल आणि कडेला २९, आणि तुम्ही म्हणाल थर्मामीटर खराब आहे. सपाट चमच्याने तळापासून सावकाश फिरवायचं, जोरात फेटायचं नाही कारण हवा शिरली की बारीक बुडबुडे राहतात आणि ड्रिपवर सुईने टोचल्यासारखी भोकं दिसतात. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ चमच्याने थोडंसं गनाश खालच्या ओठाला लावा. गरम पण लागत नाही आणि थंड पण लागत नाही, नुसतं काहीतरी ओलं लागलंय असं वाटतं, ती वेळ बरोबर असते, कारण आपल्या ओठाचं तापमान पण जवळपास तिथेच असतं. ऊब जाणवली म्हणजे अजून पाच मिनिटं थांबा. बोटाने बघू नका, बोटं स्वयंपाकघरात कधी गरम असतात कधी गार, ती फसवतात.

घट्टपणाचं म्हणाल तर तो प्रमाणाने आधीच ठरलेला असतो, तापमानाने आपण फक्त योग्य क्षण पकडतो. हे मी इतकं ठासून सांगते कारण प्रमाण चुकलेलं असताना लोक तापमानाशी खेळत बसतात आणि केकचं नुकसान करून घेतात. गनाशमध्ये क्रीममधलं पाणी असतं आणि चॉकलेटमधली कोकोची बारीक पूड ते पाणी धरून ठेवते, त्यामुळे चॉकलेटमध्ये कोको जितका जास्त तितकं गनाश घट्ट. ५० ते ५५ टक्के कोकोच्या डार्कला सारखं क्रीम चालतं. ७० टक्केवालं घेतलं तर १०० ग्रॅमला १२० ग्रॅमच्या आसपास क्रीम लागतं, नाहीतर ३३ अंशांवर सुद्धा ते जाडच राहतं. आणि क्रीम कुठलं आहे ते पण बघा. मी जे १:१ म्हणते ते ३५ टक्के फॅटच्या क्रीमसाठी आहे. २५ टक्के फॅटचं पातळ क्रीम असेल तर त्याच्यात पाणी जास्त असतं, मग १०० ग्रॅम चॉकलेटला ८० ग्रॅम क्रीमपासून सुरुवात करा, कमी वाटलं तर एकेक चमचा वाढवता येतं, काढता मात्र येत नाही. आणि क्रीम कपाने नाही, वजनाने मोजा.

कंपाउंड चॉकलेट वापरत असाल तर त्याच्यात कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती फॅट असतं, ते कुठल्या तापमानाला आखडेल हे पॅकेटप्रमाणे बदलतं. तिथे माझ्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका, खाली सांगते ती ग्लासची चाचणी करा.

ती चाचणी अशी. एक स्टीलचा उंच ग्लास केकबरोबरच फ्रीजमध्ये ठेवायचा. गनाश तयार वाटलं की ग्लास बाहेर काढून उपडा ठेवायचा, कोरडा आहे ना बघायचं, आणि तळाच्या काठावरून एकच ड्रिप सोडायची, केकवर जितकी सोडणार तितकीच. मग हात बांधून पूर्ण एक मिनिट थांबायचं. पाच सेकंदांनी बघून "हां जमली" म्हणायचं नाही, कारण ड्रिप पहिल्या दहा सेकंदांत झपाट्याने जाते आणि नंतर अगदी हळू, डोळ्याला कळणार नाही अशी आणखी एक दीड सेंटीमीटर उतरते. मिनिटाने बघितलं तेव्हा पाच ते सात सेंटीमीटरवर टोकाला गोल थेंब धरून थांबलेली असेल तर सुरू करा. ग्लासच्या तोंडापर्यंत गेली तर पाच मिनिटं थांबून परत एक. दोन सेंटीमीटरवर अडली तर बाटली कोमट पाण्यात मिनिटभर धरा, बाहेरून नीट पुसून मग वापरा. स्टील केकपेक्षा पटकन उष्णता ओढतं म्हणून ग्लासवरची ड्रिप केकपेक्षा किंचित आखूड येते हे लक्षात ठेवा, आणि म्हणून केकवरची पहिली ड्रिप पण मागच्या बाजूलाच सोडायची, जी बाजू फोटोत येणार नाही.

आता मागच्या आठवड्यात केलेला एक केक जसाच्या तसा सांगते म्हणजे वेळेचा अंदाज येईल. सहा इंचाचा, साधारण बारा सेंटीमीटर उंच, बाहेरून पांढरं बटरक्रीम, कड धारदार केलेली. क्रीम लावून झाल्यावर केक पाऊण तास फ्रीजमध्ये, फ्रीजरमध्ये नाही. त्यातली दहा बारा मिनिटं गेल्यावर गनाश करायला घेतलं. ५५ टक्के डार्क ७५ ग्रॅम, अगदी बारीक चिरलेलं, मसुराच्या दाण्याएवढं, आणि ३५ टक्के क्रीम ७५ ग्रॅम. क्रीम छोट्या भांड्यात मंद आचेवर, कडेने बारीक बुडबुडे आले की लगेच बंद, खळखळून उकळू द्यायचं नाही कारण पाणी उडून जातं आणि आपलं मोजलेलं प्रमाण तिथेच बदलतं. चॉकलेटवर ओतलं, वर ताटली झाकली, दोन मिनिटं हात लावला नाही. मग मधोमध छोटे छोटे गोल फिरवत सुरुवात केली, आधी फुटल्यासारखं, डागडागांचं दिसतं, घाबरायचं नाही, मध्ये चकचकीत गडद ठिपका तयार होतो आणि तो हळूहळू कडेपर्यंत पसरवत न्यायचा. मिसळून झालं तेव्हा पन्नास अंशांच्या आसपास होतं. तिथून ३३ ला यायला त्या दिवशी पंचवीस मिनिटं लागली, दर पाच मिनिटांनी एकदा ढवळत होते. म्हणजे केकची पाऊण तास थंडी आणि गनाशची वेळ बरोबर एकत्र आली. हीच जुळवणी खरं काम आहे, केक वाट बघत बाहेर बसला किंवा गनाश वाट बघत गार झालं की गडबड.

मग बाटलीत भरलं, बाटलीचं तोंड तीन मिलिमीटरच्या आसपास, पायपिंग बॅग असेल तर टोक तेवढंच कापायचं. पहिले दोन थेंब वाटीत काढून टाकले कारण तोंडाशी असलेलं गनाश नेहमी थंड असतं. केक टर्नटेबलवर घेतला, बाटलीचं टोक काठाच्या किंचित आत ठेवलं, दाबलं, गनाश काठावरून ओथंबलं की दाब सोडला. खेचून खाली आणायचं नाही, ढकलायचं पण नाही, ओथंबलेलं गनाश आपलं आपण जातं. सहा इंची केकचा घेर क्रीम धरून पन्नास सेंटीमीटरच्या जवळ जातो, दोन ते अडीच सेंटीमीटरवर एक धरली तर वीस ते पंचवीस ड्रिप होतात. सगळ्या काठावरच्या ड्रिप आधी, मग मधला भाग भरायचा आणि पॅलेट नाइफने काठापर्यंत हलकेच आणायचं. आधी मध्ये ओतलं तर जास्तीचं गनाश मिळेल त्या वाटेने काठावरून उतरतं आणि ड्रिप कुठे पडणार ते आपल्या हातात राहत नाही.

आणि एक गोष्ट, जी मला कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला. तापमान बरोबर असताना ड्रिपची लांबी ठरते ती तुम्ही किती दाबलं त्याच्यावर. जास्त गनाश म्हणजे जास्त वजन आणि जास्त उष्णता, ते गार व्हायला वेळ लावतं म्हणून लांब जातं. लांब आखूड अशी नैसर्गिक ड्रिप पाहिजे असेल तर एका ठिकाणी एक मोजून दाबा, पुढच्याला दोन मोजून, तिसऱ्याला दीड. एकच बाटली, एकच गनाश. आखूड पाहिजे म्हणून गनाश घट्ट करायची गरजच नाही.

केकवरच्या पाण्याचं पण सांगायलाच हवं. दमट हवेत फ्रीजमधून काढलेल्या केकवर दोन चार मिनिटांत बारीक दव जमतं, आणि त्या दवावर गनाश चिकटत नाही, घसरतं. माझा एक दोन मजली केक असाच गेला होता, गनाश ३३ ला, केक थंडगार, सगळं बरोबर, पण मी केक काढून ठेवून बाटली भरत बसले आणि तेवढ्यात पृष्ठभाग ओला झाला. ड्रिप खाली जाऊन थांबल्या, आणि दहा मिनिटांनी बघते तर चार ड्रिप आख्ख्याच्या आख्ख्या खाली सरकलेल्या, वर मागे ओला माग. तेव्हापासून बाटली भरून, ग्लासवर चाचणी करून मगच केक बाहेर काढते. दव दिसलंच तर टिश्यूने पुसायचं नाही, टिश्यू फक्त टेकवून उचलायचा, आणि लगेच काम सुरू. खोली खूप गरम असेल तर सगळ्या ड्रिप एका दमात करू नका, अर्ध्या झाल्या की केक पाच मिनिटं आत ठेवा आणि बाटली कोमट ठेवा.

व्हिप्ड क्रीमचा केक असेल तर तो बटरक्रीमसारखा कडक होतच नाही, म्हणून तिथे गनाश आणखी थोडं खाली, २८ ते ३० ला आणून ओतायचं. इतक्या खाली ते जाड होणार, म्हणून त्याच्यासाठी क्रीम आधीच थोडं जास्त धरायचं, १०० ग्रॅम चॉकलेटला ११० ग्रॅम वगैरे. दाब पण कमी द्यायचा, जड ड्रिप व्हिप्ड क्रीमला ओरखडून नेते.

व्हाइट चॉकलेटची ड्रिप वेगळीच आहे. त्याच्यात कोकोची पूड नसते, पाणी धरणारं काही नाही, त्यामुळे १:१ केलं तर ते दुधासारखं वाहणार. तिथे ३ भाग चॉकलेट आणि १ भाग क्रीम, म्हणजे ९० ग्रॅमला ३०, आणि ओतताना २८ ते ३० अंश. रंग घालायचा तर तेलात विरघळणारा किंवा जेल, पातळ पाण्याचा रंग घातला तर प्रमाणाचं गणित बिघडतं. इतक्या थोड्या क्रीमने ९० ग्रॅम चॉकलेट पूर्ण वितळत नाही म्हणून चॉकलेट आधी डबल बॉयलरवर अर्धं वितळवून घ्या, पण ४५ अंशांच्या वर नेऊ नका, त्यातली दुधाची पूड करपते आणि ते दाणेदार होतं.

गनाश कधी फुटलं, म्हणजे वर तेल तरंगतंय आणि खाली दाणेदार गाळ दिसतोय, तर फेकू नका. डार्कमध्ये एक चमचा कोमट दूध घालून मध्ये छोटे गोल फिरवत परत तसंच जोडत न्या, गरज पडली तर अजून एक. जुळून येतं बहुतेक वेळा, फक्त त्याने ते जरा पातळ होतं, म्हणून ओतताना एक दोन अंश आणखी खाली न्या आणि ग्लासवर परत बघा. गार झालेलं गनाश मायक्रोवेव्हमध्ये गरम करताना पाच पाच सेकंदच, प्रत्येक वेळी बाहेर काढून ढवळायचं. तीस सेकंद एकदम लावले तर बाहेरचं फुटतं आणि आतलं जाडच राहतं.

तुमच्या पुढच्या केकला एवढंच करा, तेच १००-१०० घ्या, केक आणि ग्लास पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा, ओठाला लावून बघा आणि ग्लासवर मिनिटभर थांबा. तरीही ड्रिप लांब गेली तर मला दोन गोष्टी नक्की सांगा, क्रीमच्या पॅकेटवर फॅट किती टक्के लिहिलंय आणि चॉकलेटवर कोको किती टक्के, त्याच्यावरून प्रमाण किती बदलायचं ते सांगते.